कोरडी विळी, तापलेली कढई आणि शेवटचे मीठ

भेंडीची भाजी चिकट का होते, आणि होऊ नये म्हणून काय करावे? एकाच बाजारातली, एकाच टोपल्यातली भेंडी दोन घरी जाते. एका घरी तिच्या चकत्या सुट्या, कडेने तपकिरी आणि कुरकुरीत होतात, तर दुसऱ्या घरी तार सुटलेला हिरवा गोळा होतो. मग सल्ले मिळतात : लिंबू पिळा, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी घाला, आधी उन्हात ठेवा. हे सगळे सल्ले बरोबर आहेत, पण त्यांमागचे कारण कळले नाही तर एखादा पाळायचा राहतो आणि तेवढ्यानेच भाजी बिघडते. कारण एकच आहे, म्हणून आधी तेच पाहू.

१. चिकटपणा येतो कुठून?

वऱ्हाडातल्या माणसाला भेंडीची भावंडे वेगळी सांगायला नकोत. वावरातली पऱ्हाटी, भाकरीबरोबर खाल्ली जाणारी अंबाडी आणि अंगणातली जास्वंद ही सगळी भेंडीच्याच कुळातली झाडे. भेंडी आणि अंबाडी यांचे पिवळे फूल आणि त्याच्या मधोमध गडद डाग हे साम्य शेतात सहज दिसते. ठिपक्यांची बोंडअळी कपाशीच्या बोंडात शिरते तशी भेंडीच्या फळातही शिरते. या कुळाची आणखी एक खूण म्हणजे बुळबुळीतपणा. जास्वंदीची पाने पाण्यात चोळली की हाताला जे लागते, तेच भेंडीतही असते.

हे द्रव्य साखरेच्या रेणूंच्या फार लांब साखळ्यांचे बनलेले असते. भेंडीच्या सालीतल्या काही पेशींत आणि बारीक पोकळ्यांत ते साठलेले असते. भेंडी अख्खी असते तोपर्यंत ते आत बंद राहते. चिरली की पेशी फुटतात आणि ते बाहेर येते. बाहेर आल्यावर त्याचे काय होईल, हे त्याला पाणी मिळते की नाही यावर ठरते.

बाभळीचा डिंक आठवा. कोरडा डिंक खडखडीत असतो, बोटाला चिकटत नाही. तोच वाटीत पाणी घालून ठेवला की फुगतो, पसरतो आणि त्याची तार निघते. भेंडीतले द्रव्यही असेच वागते. पाणी मिळाले की त्याच्या लांब साखळ्या सुटतात, पाण्यात पसरतात आणि एकमेकींत गुंततात, आणि तार म्हणतो ती हीच गुंतवळ. पाणी निघून गेले की त्याच साखळ्यांचा पातळ, कोरडा पापुद्रा चकतीवर बसतो आणि तो खाताना जाणवतही नाही.

या गुणाचा उपयोगही होतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत भेंडीची झाडे ठेचून त्यांचा चिकट रस उसाच्या उकळत्या रसात घालतात. तो चिकट रस सगळीकडे पसरतो, मळ धरून वर आणतो आणि मग ती मळी काढून टाकता येते. भरपूर पाण्यात हे द्रव्य किती दूर पसरते, ते यावरून कळते.

तेव्हा भेंडीतला चिकटपणा काढून टाकता येत नाही आणि काढायची गरजही नाही. त्याला पाणी मिळू द्यायचे नाही, एवढेच करायचे. पाणी चार वाटांनी येते : धुताना, चिरताना, कढईतल्या वाफेतून आणि मिठामुळे. पुढे याच चार वाटा एकेक करून बंद करू.

२. धुणे आधी, चिरणे नंतर

भेंडी नेहमी अख्खी धुवावी. देठ आणि टोकही त्या वेळी तसेच ठेवावे, कारण ते कापले की पाण्याला आत जायला वाट मिळते. चिरलेली भेंडी धुतली तर प्रत्येक कापातले द्रव्य तिथल्या तिथे फुगते आणि मग कितीही परतले तरी खूप वेळ जातो.

धुतल्यावर फक्त निथळून चालत नाही. भेंडीच्या अंगावर बारीक लव असते आणि कडांच्या मधल्या खाचांत पाणी अडकून राहते. म्हणून सुती फडक्याने एकेक भेंडी पुसावी आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यावर एकमेकींना न टेकता पसरावी. किती वेळ, हे ऋतूवर अवलंबून आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते, तेव्हा धुतलेली भेंडी अर्ध्या तासात खडखडीत होते. श्रावणात तीच भेंडी पंख्याखाली दोन तास ठेवूनही दमट लागू शकते. अशा वेळी रात्रीच धुऊन, पुसून, पसरून ठेवणे सोपे पडते. कोरडी झाली का, हे पाहण्यासाठी भेंडी हातात घेऊन देठाजवळची खाच बोटाने दाबावी. बोट ओले झाले तर अजून थांबावे.

फ्रिजमधली भेंडी बाहेर काढताच तिच्यावर हवेतले दव धरते. ती पुसून लगेच चिरली तर विळीवरच पुन्हा ओली होते. म्हणून ती तासभर आधी काढून उघडी ठेवावी आणि मग पुसावी.

विळी, पाट, ताटली आणि हात हे सगळे कोरडे हवे. दहा-पंधरा भेंड्या चिरल्या की पात्यावर चिकट थर जमतो आणि पुढच्या चकत्या त्याला चिकटून चुरडतात. पाते कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, पाण्याने धुऊ नये. पात्याला तेलाचे बोट लावले तरी काम सोपे होते. चिरलेली भेंडी झाकून न ठेवता ताटात पसरून ठेवावी. कडक ऊन असेल तर हे ताट तासभर उन्हात ठेवावे. कापाच्या तोंडाशी आलेले द्रव्य वाळून तिथेच बसते.

३. चकती किती जाड?

एक हिशोब करून पाहू. दहा सेंटिमीटर लांबीची भेंडी अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्यांत चिरली तर वीस चकत्या होतात. त्यासाठी एकोणीस काप द्यावे लागतात आणि प्रत्येक काप दोन उघडी तोंडे तयार करतो, म्हणजे अडतीस तोंडे. तीच भेंडी दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांत चिरली तर चार काप आणि आठच तोंडे. बारीक चिरल्याने चिकट द्रव्य बाहेर यायला जवळजवळ पाचपट जागा मिळते.

मग जाडच चिरावे का? रस्सा करायचा असेल तर होय, कारण रश्शात पाणी असणारच, तेव्हा तोंडे जितकी कमी तितके बरे. कुरकुरीत भेंडीला मात्र उलटा नियम लागतो. उघडी तोंडे जास्त म्हणजे आतले पाणी बाहेर पडायलाही वाटा जास्त. जाड तुकडा बाहेरून करपतो तरी आतून ओला राहतो. कोरडेपणा सांभाळला असेल तर अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या किंवा उभ्या चिरून केलेल्या चार बारीक फोडी उत्तम. सगळे तुकडे सारख्या जाडीचे असले की एकाच वेळी तयार होतात.

भेंडी कोवळी हवी. टोक मोडताना कट्कन तुटले पाहिजे. वाकले पण तुटले नाही तर आत धागे धरले आहेत असे समजावे, आणि धागे धरलेली भेंडी परतून कुरकुरीत न होता चामट होते. जात कुठलीही असो, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘अकोला बहार’ असो की परभणीची ‘परभणी क्रांती’, चिकट द्रव्य प्रत्येकीत असते. कोवळेपणा मात्र ती कधी तोडली यावर ठरतो, म्हणून शेतकरी दिवसाआड तोडा करतात.

४. कढई, आच आणि गर्दी

भेंडीत जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. बाहेरचे पाणी आपण पुसले, तरी आतले उरतेच आणि ते कढईत घालवावे लागते. अर्धा किलो भेंडीचे देठ-टोक काढून साधारण साडेचारशे ग्रॅम उरते. चांगली परतलेली भाजी अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे मोठी वाटीभर पाणी वाफ होऊन गेलेले असते.

पाणी तापायला लागते त्यापेक्षा ते आटायला कितीतरी जास्त उष्णता लागते. साध्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट ते पूर्ण आटवायला लागते. तुमच्या शेगडीवर वाटीभर पाणी दोन मिनिटांत उकळत असेल, तर ते आटायला चौदा मिनिटे लागतील. अर्धा किलो भेंडी पंधरा मिनिटांच्या आत कुरकुरीत होत नाही, त्याचे कारण हे. आणि कढईत पाणी आहे तोवर चकतीचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या फार वर जात नाही. तपकिरी रंग आणि खमंग वास त्याच्या बऱ्याच वर, साधारण एकशे चाळीस अंशांपुढे येऊ लागतो. म्हणजे आधी पाणी जाणार आणि मगच भेंडी खमंग होणार.

ही वाफ लवकर निघून जायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पसरट भांडे. चिरलेली साडेचारशे ग्रॅम भेंडी सुमारे लिटरभर जागा घेते. तीस सेंटिमीटर रुंद सपाट तव्यावर तिचा थर दीड सेंटिमीटरचा होतो, पण वीस सेंटिमीटरच्या भांड्यात तो सव्वातीनच्या जवळ जातो. तिथे खालच्या थराची वाफ वरच्या थराला ओले करते आणि भेंडी परतली न जाता वाफवली जाते. भांडे लहान असेल तर दोन घाण्यांत करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे जाड बुडाची, आधी नीट तापवलेली कढई. लोखंडी किंवा बिडाची कढई तापायला वेळ घेते, पण गार भेंडी पडली तरी एकदम थंड होत नाही. पातळ ॲल्युमिनियमचे भांडे लगेच थंड होते आणि तळाशी पाणी साचते. तेल तापले का, हे एक चकती टाकून पाहावे. भोवती ताबडतोब बुडबुडे येऊन चुरचुर आवाज झाला की उरलेली भेंडी घालावी. चकती गुपचूप बसून राहिली तर तेल अजून गार आहे.

झाकण ठेवू नये. पालेभाजीवर आपण झाकण ठेवतो, वर पाणीही घालतो, कारण तिथे वाफच हवी असते. भेंडीवर झाकण ठेवले की वाफ झाकणाला लागून गार होते आणि तेच पाणी थेंबाथेंबाने भाजीत परत येते.

सारखे ढवळूही नये. सराटा सतत फिरवला की चकत्या मोडतात, बिया सुटतात आणि नव्या पेशी फुटतात. दीड-दोन मिनिटे भेंडी तशीच राहू द्यावी, मग तळापासून उलटावी.

५. मीठ कधी?

मीठ काय करते, हे घरी करून पाहण्यासारखे आहे. चिरलेली भेंडी दोन ताटल्यांत सारखी घ्या. एकीवर पाव चमचा मीठ भुरभुरा आणि पंधरा मिनिटे दोन्ही बाजूला ठेवा. मीठ घातलेल्या ताटलीत ओल दिसेल आणि बोटाने उचलली तर तार येईल. दुसऱ्या ताटलीत चकत्या जवळजवळ होत्या तशाच असतील.

मीठ ओलसर कापावर पडले की तिथे विरघळते आणि खारट पाण्याचा पातळ थर होतो. पेशीच्या आतले पाणी कमी खारट असते. अशा वेळी पाणी पेशीच्या पडद्यातून खारट बाजूकडे ओढले जाते. कारल्याला मीठ चोळून आपण मुद्दाम हेच करतो, कारण ते कडू पाणी पिळून टाकायचे असते. भेंडीत ते पाणी पिळून टाकता येत नाही. ते बाहेर येऊन चिकट द्रव्याला मिळते आणि डिंकाच्या वाटीत पाणी पडावे तसे होते.

कढईत गेल्यावर काय होते? सुरुवातीची काही मिनिटे बऱ्याच पेशी शाबूत असतात. तेव्हा मीठ पडले तर पाणी सगळीकडून एकदम सुटते आणि शेगडीला तेवढी वाफ करून घालवणे झेपत नाही. तळाशी पाणी साचते आणि भेंडी त्यात शिजते. पुढे उष्णतेने पेशी मोडतात आणि पाणीही बरेचसे निघून गेलेले असते. मग मिठाला ओढून घ्यायला फारसे काही उरत नाही. म्हणून मीठ शेवटी, चकत्या सुट्या होऊन कडा तपकिरी झाल्यावर घालायचे, एक मिनिट परतायचे आणि गॅस बंद करायचा.

शेवटी घालण्याचा आणखी एक फायदा अंदाजाचा आहे. कच्ची भेंडी ढीगभर दिसते, परतल्यावर निम्म्याहून कमी होते. आधी घातलेले मीठ म्हणूनच अनेकदा जास्त होते. शेवटी मीठ बारीक असावे, कारण जाड मीठ कोरड्या चकतीला धरत नाही आणि तळाशी राहते.

६. श्रावणातली अर्धा किलो भेंडी

आता हे सगळे एकत्र करू. अमरावतीत झड लागली आहे, हवा दमट आहे आणि रात्रीच्या जेवणाला चार माणसांसाठी भेंडी करायची आहे. सकाळीच अर्धा किलो भेंडी अख्खी धुऊन, पुसून पंख्याखाली पसरली. संध्याकाळी खाचा तपासल्या आणि कोरड्या विळीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या केल्या.

रुंद लोखंडी तवा मोठ्या आचेवर तापवून त्यात तीन मोठे चमचे फल्लीचे तेल घातले. मोहरी-जिरे तडतडल्यावर चार-पाच ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि हळद घातली, आणि लगेच सगळी भेंडी पसरली. पहिली दोन मिनिटे हात लावला नाही, मग उलटली.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला तार दिसू लागते आणि सराट्याला धागे येतात. नेमके इथेच लोक घाबरून झाकण ठेवतात किंवा पाण्याचा हबका मारतात. तसे काही करू नये. आतले पाणी बाहेर येत असल्याची ही खूण आहे. आच मोठीच ठेवावी. आठ-दहा मिनिटांनी धागे आखूड होऊन तुटू लागतात, वाफ कमी होते आणि आवाज बदलतो : ओला, दबका आवाज जाऊन स्पष्ट चुरचुर ऐकू येते. आता आच मध्यम करावी, नाहीतर कोरड्या झालेल्या कडा लगेच करपतात.

पंधरा-अठरा मिनिटांनी चकत्या एकमेकींपासून सुटल्या आणि कडा तपकिरी झाल्या की एक चमचा तिखट आणि अर्धा-पाऊण चमचा मीठ घालावे. आवडत असेल तर दोन चमचे फल्लीचा कूट. मिनिटभर परतून भाजी ताबडतोब दुसऱ्या भांड्यात काढावी, कारण लोखंडात राहिली तर ती काळी पडते. लिंबू पिळायचे ते ताटात. आंबटपणाने उरलीसुरली तार कमी होते, पण रस गरम कढईत घातला तर त्यातले पाणी कुरकुरीतपणा घालवते. कढईतच आंबट हवे असेल तर आमचूर बरा, तो कोरडा असतो.

कांदा घालायचा असेल तर आधी वेगळा परतून शेवटी मिसळावा, कारण त्याच्यातही पाणी भरपूर असते. डब्यात द्यायची असेल तर भाजी उघड्यावर पूर्ण गार करून भरावी. गरम भरली तर डब्याच्या झाकणावर पाणी धरते आणि दुपारपर्यंत तार परत येते.

७. तळलेली कुरकुरीत भेंडी

परतलेल्या भेंडीच्या कडा कुरकुरीत होतात, बियांपाशी ती थोडी मऊच राहते. पूर्ण कुरकुरीत हवी तर तळावी लागते. पाव किलो भेंडीच्या उभ्या बारीक फोडी घ्याव्यात. दोन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा तांदळाचे पीठ, तिखट आणि हळद कोरडेच मिसळून फोडींवर भुरभुरावे. पाण्याचा थेंबही घालू नये, कापाच्या तोंडाशी असलेली ओल पीठ धरायला पुरते. या मिश्रणातही मीठ नको. पीठ लावलेली भेंडी ठेवून न देता लगेच तळावी.

तेलात बेसनाचा ठिपका टाकला की खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. फोडी मूठमूठ सोडाव्यात, कारण एकदम जास्त घातल्या की तेल थंड होते आणि पीठ तेल पिते. बुडबुडे जोरात येतात तोवर पाणी निघते आहे. ते विरळ झाले की भेंडी तयार. चाळणीवर पसरून काढावी, ढीग करू नये, आणि मीठ वाढताना भुरभुरावे. मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून पावसाळ्यात आधी मीठ घातलेली भेंडी लवकर मऊ पडते.

८. बिघडली तर

बारा मिनिटांनंतरही तार तशीच असेल तर कढईत गर्दी झाली आहे. निम्मी भेंडी दुसऱ्या तव्यावर काढावी आणि दोन्हीकडे आच वाढवावी. बाहेरून करपली आणि आतून चिकट राहिली तर तुकडे जाड आहेत, तेव्हा आच मध्यम करून वेळ द्यावा. मीठ चुकून आधी पडले तर भेंडी पसरून मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतावी आणि शेवटी आमचूर घालावा. भाजी वाचेल, पण कुरकुरीत होणार नाही. चिरल्यावर धुतली गेली असेल तर कुरकुरीतपणाचा नाद सोडून चिंच-गुळाचा रस्सा करावा, तिथे आंबटपणा तार कमी करतो.

पाणी येण्याच्या चार वाटांपैकी एकच बंद करणे जमत असेल तर पहिली, धुतानाची, करा. पुसून कोरडी केलेली भेंडी बाकीच्या चुका बऱ्याच सोसते. ओली चिरलेली भेंडी मात्र उत्तम कढई, मोठी आच आणि शेवटचे मीठ यांनीही सुधारत नाही.